रेपो उतरला, हप्ता तोच; मग १८६ ऐवजी २२७ हप्ते बाकी कसे?

अबोली | ७ जानेवारी २०२६, रात्री १०:४०

मंडळी, गृहकर्जाच्या हिशोबात अडकले आहे. जरा सविस्तर लिहिते.

जून २०२१ मध्ये कल्याणला फ्लॅट घेतला. कर्ज ३० लाख, मुदत २० वर्षे, व्याजदर रेपो अधिक २.७०. तेव्हा रेपो ४ टक्के होता, म्हणजे दर ६.७० टक्के. हप्ता बसला २२,७२२ रुपये. पुढे दर वाढत गेले. एप्रिल २०२३ मध्ये बँकेचा मेसेज आला की हप्ता आता २४,०७८ होईल. महिन्याला तेराशे-साडेतेराशे रुपये जास्त, तेवढं झेपेल असं म्हणून मी तो विषय तिथेच सोडला.

माझे बाबा पहिल्या दिवसापासून या कर्जाची वही ठेवतात. दोनशे चाळीस चौकोन आखलेत आणि हप्ता गेला की लाल पेनाने एक चौकोन भरतात. डिसेंबरचा हप्ता धरून ५४ चौकोन भरले. राहिले १८६.

डिसेंबरात रेपो ५.२५ झाला म्हणून परवा अ‍ॅप उघडून पाहिलं. दर ७.९५ झालाय, हप्ता २४,०७८ च आहे, मुद्दल बाकी २८,२०,८४३. आणि बाकी हप्ते २२७! बाबांना दाखवलं तर ते म्हणाले, अ‍ॅप चुकतंय.

शाखेत विचारलं. तिथले म्हणाले, "मॅडम, हवा तर हप्ता २१,५४५ करून देतो, अर्ज द्या." अडीच हजार वाचतायत, तर घ्यावा का कमी करून? आणि हे ४१ जादा हप्ते आले कुठून, ते मला आधी कळायला हवं.

---

तळजाई | ७ जानेवारी, रात्री ११:०५

अ‍ॅप चुकत नसतं. बँका सुरुवातीच्या वर्षांत सगळं व्याज वसूल करून घेतात आणि मुद्दल शेवटी ठेवतात. त्यामुळे पहिली पाच-सात वर्षं मुद्दल हलतच नाही. तुमचं बरंचसं व्याज आता भरून झालंय, त्यामुळे इथून पुढे जास्त पैसे भरून फार फायदा नाही. हप्ता कमी होत असेल तर घ्या करून.

---

भाऊ_जळगाव | ८ जानेवारी, सकाळी ७:५०

ताई, तुमचा दर निदान उतरला तरी. माझं कर्ज २०१७ चं आहे. वर्षभर पेपरात वाचतोय की रेपो सव्वा टक्का उतरला, पण माझा हप्ताही तोच आणि दरही तोच. बँकेत गेलो तर म्हणतात, तुमचं एमसीएलआरचं कर्ज आहे, एप्रिलमध्ये रीसेट होईल तेव्हा बघू. माझ्या शेजाऱ्याचं कर्ज त्याच बँकेत, त्याच शाखेत, आणि त्याचा दर माझ्यापेक्षा सव्वा टक्क्याने कमी. हा काय न्याय झाला?

---

वसंत_कुलकर्णी | ८ जानेवारी, सकाळी ९:१५

माझ्या मते फिक्स्ड दरच घ्यावा. एकदा ठरला की डोक्याला ताप नाही. नवीन कर्ज घेताना हे आधीच विचारून घ्या.

---

अबोली | ८ जानेवारी, सकाळी ९:४०

काका, कर्ज नवीन नाही, साडेचार वर्षं चालू आहे. प्रश्न बाकी हप्त्यांचा आहे.

---

खतावणी | ८ जानेवारी, दुपारी २:२०

अबोलीताई, मी एका बँकेच्या कर्ज विभागात सव्वीस वर्षं होतो, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न वाचला आणि जेवण बाजूला ठेवून हिशोब मांडत बसलो. वही बरोबर आहे आणि अ‍ॅपही बरोबर आहे. बाबांची वही मूळ करारावर चाललीय, अ‍ॅप आजच्या दरावर.

आधी तळजाईंचं. बँक व्याज "आधी" घेत नाही. त्या महिन्यात जेवढं मुद्दल बाकी, त्यावर एका महिन्याचं व्याज. हप्त्यातून ते गेलं की उरेल ते मुद्दलात. सुरुवातीला मुद्दल मोठं म्हणून व्याज मोठं, एवढंच. पुढच्या महिन्यांचं व्याज आज कुणी कापलेलं नसतं. म्हणूनच आज मुद्दल कमी केलं तर पुढचं सगळं व्याज कमी होतं. "व्याज भरून झालं, आता जास्त भरण्यात अर्थ नाही" हे मी काउंटरवर शेकडो वेळा ऐकलंय, आणि त्यावर विसंबून लोकांनी खूप पैसे घालवलेत.

आता तुमची गोष्ट. पहिलं वर्ष ६.७० ने गेलं. बारा हप्त्यांनंतर मुद्दल २९,२६,०९४. इथपर्यंत वहीशी जुळतं.

मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो वाढवायला घेतला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ४ वरून ६.५० वर गेला. तुमच्या कर्जाचा दर दर तीन महिन्यांनी बदलतो असं धरलं, तर जुलै २०२२ ला ७.६०, ऑक्टोबरला ८.६०, जानेवारी २०२३ ला ८.९५ आणि एप्रिलला ९.२०. या सगळ्या काळात तुम्हाला हप्ता तोच राहिलेला दिसला. दर वाढला आणि हप्ता वाढला नाही, तर बोजा मुदतीवर जातो. तुमच्या मुदतीचं असं झालं:

जुलै २०२२ ला बाकी हप्ते २२८ चे २६८ झाले. ऑक्टोबरला साधारण ३५२. जानेवारीत ४१६. आणि एप्रिल २०२३ ला ९.२० दर लागला तेव्हा २२,७२२ च्या हप्त्यात कर्ज फेडायला ५१३ हप्ते लागले असते. म्हणजे पावणेत्रेचाळीस वर्षं.

हे का होतं ते त्या एका महिन्यात दिसतं. एप्रिल २०२३ ला मुद्दल २९,०४,७५१. त्यावर ९.२० ने महिन्याचं व्याज २२,२७०. हप्ता २२,७२२. मुद्दलात गेले किती? ४५२ रुपये. एकोणतीस लाखांचं मुद्दल, आणि महिन्याला साडेचारशे रुपये. दर ९.३९ झाला असता तर मुद्दलात काहीच गेलं नसतं, आणि त्याच्याही वर गेला असता तर मुद्दल वाढायला लागलं असतं.

बँका साधारणपणे एकूण मुदत ३० वर्षांपलीकडे जाऊ देत नाहीत. माझा तर्क असा की तुमच्या खात्याने ती मर्यादा ओलांडली, म्हणून बँकेने मुदत ३० वर्षांवर अडवली आणि त्यात बसेल एवढाच हप्ता वाढवला. ३६० हप्त्यांतून भरलेले २१ वजा केले की ३३९. ९.२० ने ३३९ हप्त्यांसाठी हप्ता किती येतो ते काढलं, तर बरोबर २४,०७८ येतो. एप्रिल २०२३ चं पत्र किंवा ईमेल शोधा, त्यात मुदतीचा आकडा असेल.

---

अबोली | ८ जानेवारी, सायंकाळी ७:३०

सापडलं. ईमेलला पीडीएफ होती, तेव्हा मी फक्त पहिली ओळ वाचली होती. खाली छोट्या अक्षरांत "उर्वरित मुदत ३३९ महिने" असं आहे.

वाचून हातपाय गार पडले. मला वाटत होतं माझं कर्ज १,३५६ रुपयांनी महाग झालं. प्रत्यक्षात ते दहा वर्षांनी लांबलं होतं आणि ते मला पावणेतीन वर्षांनी कळतंय. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

पण मग एक समजत नाही. ३३९ मधून नंतरचे ३३ हप्ते वजा केले तर ३०६ उरायला हवेत. अ‍ॅप २२७ कसं दाखवतं?

---

खतावणी | ८ जानेवारी, रात्री ८:१०

कारण २०२५ मध्ये तेच गणित उलटं चाललं. फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला. तुमचा दर ९.२० वरून ८.९५, मग ८.२०, आता ७.९५. बँकेने हप्ता तोच ठेवला, म्हणून मुदत आपोआप ३०६ वरून २२७ वर आली. पत्र नाही, मेसेज नाही, पण ७९ हप्ते गेले. एवढं तुमच्या बाजूने घडलंय, ते बाबांना आधी सांगा.

आणि एप्रिल २०२३ ते मार्च २०२५ ही दोन वर्षं पाहा. २४ हप्ते, ५,७७,८७२ रुपये भरले. मुद्दल कमी झालं ४७,४४८.

---

इंद्रायणी | ८ जानेवारी, रात्री ९:००

मी आणि माझ्या नणंदेने एकाच वर्षी, एकाच दराने, तीस-तीस लाखांचं कर्ज घेतलं. तिने २० वर्षांचं, मी १५ चं. माझा हप्ता २६,४६४, म्हणजे तिच्यापेक्षा ३,७४२ ने जास्त. तेव्हा ती म्हणाली होती, उगाच ओढाताण करून घेतेस. दर वाढले तेव्हा माझीही मुदत वाढली, पण खतावणीकाका सांगतायत तशी भयंकर नाही. असं का व्हावं? दर तर दोघींचा सारखाच वाढला.

---

खतावणी | ८ जानेवारी, रात्री ९:४५

इंद्रायणीताई, तुमच्या हप्त्यात मुद्दलाचा वाटा पहिल्यापासून मोठा होता, म्हणून. अबोलीताईंच्याच तारखा धरून तुमचं गणित केलं, तर एप्रिल २०२३ ला तुमचं मुद्दल सुमारे २८,२०,८०० होतं. ९.२० ने व्याज २१,६२६. हप्ता २६,४६४. म्हणजे ४,८३८ रुपये मुद्दलात जात राहिले. बाकी हप्ते १५९ चे साधारण २२३ झाले. वाढले ६४. तिकडे २१९ चे ५१३ झाले. वाढले २९४.

हप्ता आणि व्याज यांच्यामध्ये जी फट असते, मुदत तिच्यावर ठरते. फट मोठी असली तर दरातली वाढ पचते. फट चिंचोळी झाली की दर पाव टक्का वाढला तरी मुदत वर्षानुवर्षं पुढे पळते. वीस किंवा पंचवीस वर्षांचं कर्ज, त्यातही दर अगदी खाली असताना घेतलेलं, म्हणजे जन्मतःच चिंचोळी फट. २०२१ मध्ये लाखो लोकांनी नेमकं तेच घेतलं.

कुणालाही आपली फट पाहायची असेल तर एक सोपं काम करा. हप्ता गुणिले १२, भागिले मुद्दल बाकी. जो टक्का येईल, तो तुमच्या कर्जाचा काठ; दर त्याच्या वर गेला की हप्ता व्याजालाही पुरत नाही. अबोलीताईंचा आज १०.२४ येतो आणि दर ७.९५ आहे. सव्वादोन टक्क्यांचं अंतर. बरं आहे, पण ऐसपैस नाही.

---

सागर_बंगळूर | ८ जानेवारी, रात्री १०:२०

ज्यांना घरी एक्सेलमध्ये करून पाहायचंय त्यांच्यासाठी. पहिली ओळ बाकी हप्ते काढते, दुसरी १८६ हप्त्यांत संपवायला लागणारा हप्ता.

```
=NPER(7.95%/12, -24078, 2820843)
=PMT(7.95%/12, 186, -2820843)
```

पहिलीचं उत्तर २२६.७, दुसरीचं २६,४२६. आपले आकडे टाकून पाहा. NPER ने #NUM! असं उत्तर दिलं तर घाबरा, कारण त्याचा अर्थ तुमचा हप्ता व्याजालाच पुरत नाही, कर्ज कधीच फिटणार नाही.

---

अबोली | ८ जानेवारी, रात्री १०:५५

सागर, धन्यवाद. २२६.७ आलं. माझ्या हाताने काढलेला आकडा अ‍ॅपशी जुळला, याचंच आज समाधान वाटलं.

आता शाखेने सांगितलेलं २१,५४५ कुठून आलं?

---

खतावणी | ९ जानेवारी, सकाळी ११:३०

ते ३०६ हप्त्यांचं आहे. म्हणजे मुदतीत झालेली कपात सोडून द्यायची, कर्ज पुन्हा एप्रिल २०२३ च्या लांब मुदतीवर न्यायचं आणि हप्ता उतरवायचा. शाखेतल्या माणसाने खोटं काही सांगितलं नाही. फक्त अर्धंच सांगितलं.

तुमच्यासमोर आज तीन वाटा आहेत. हप्ता २१,५४५ केला तर ३०६ हप्ते, एकूण सुमारे ६५ लाख ९३ हजार जातील. काहीच केलं नाही, २४,०७८ च चालू ठेवला, तर २२७ हप्ते आणि सुमारे ५४ लाख ५८ हजार. हप्ता वाढवून २६,४२६ केला तर १८६ हप्ते, म्हणजे बाबांची वही पुन्हा खरी ठरते, आणि जातात सुमारे ४९ लाख १५ हजार. दर ७.९५ च राहील असं धरून. तो तसा राहणार नाही हे उघड आहे, पण तुलना करायला एवढं पुरतं.

महिन्याला २,३४८ जास्त की २,५३३ कमी, असा हा प्रश्न आहे. घरात आजारपण असेल, नोकरी डळमळीत असेल, तर हप्ता उतरवणं चुकीचं नाही. हप्ता थकण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. पण झेपत असेल तर मी तुम्हाला तिसरी वाट धरा असंच सांगेन.

---

तळजाई | ९ जानेवारी, दुपारी १:१०

व्याजाबद्दल खतावणींचं म्हणणं पटलं, मी चुकीचं लिहिलं होतं. पण या सल्ल्याशी सहमत नाही. ४९ लाख आणि ५४ लाख यांची अशी बेरीज करून तुलना करता येत नाही. आजचे २,३४८ आणि अठरा वर्षांनंतरचे २४,०७८ सारख्या मोलाचे नाहीत. महागाईने हप्ता हलका होत जातो, पगारही वाढतो. तेच २,३४८ दरमहा म्युच्युअल फंडात टाकले आणि ७.९५ पेक्षा जास्त परतावा मिळाला, तर कर्ज लांबवणंच फायद्याचं.

---

खतावणी | ९ जानेवारी, दुपारी ३:००

"मिळाला तर" यावर सगळं आहे. कर्जातून वाचणारे ७.९५ टक्के पक्के आहेत, फंडातले नाहीत. पण बेरजेबद्दल तुमचा मुद्दा योग्य आहे, तो मी नाकारत नाही. माझा अनुभव एवढाच की उरलेले अडीच हजार सतरा-अठरा वर्षं न चुकता गुंतवणारे ग्राहक मी फार थोडे पाहिले.

---

तळजाई | ९ जानेवारी, दुपारी ३:२५

मी अकरा वर्षं करतोय. शिस्त असेल तर होतं. यावर आपलं एकमत होणार नाही.

---

मुक्ता_सांगली | ९ जानेवारी, सायंकाळी ६:४५

एक सावधगिरीची सूचना, मला महाग पडलेली. गेल्या वर्षी मी दोन लाख एकरकमी भरले. मला मुदत कमी करायची होती. बँकेच्या पोर्टलवर मी फक्त रक्कम टाकली आणि पुढे गेले. सहा महिन्यांनी पाहिलं तर मुदत जिथल्या तिथे आणि हप्ता कमी झालेला. तिथे "हप्ता कमी" हा पर्याय आधीच निवडलेला होता. माझ्या बहिणीच्या बाबतीत तर पैसे मुद्दलात गेलेच नाहीत, पुढचे हप्ते आगाऊ भरले म्हणून जमा दाखवले. पैसे भरून झाल्यावर दुसऱ्याच दिवशी मुद्दल बाकी आणि बाकी हप्ते, दोन्ही तपासा.

---

खतावणी | ९ जानेवारी, सायंकाळी ७:२०

मुक्ताताई, फार मोलाचं सांगितलंत. अबोलीताई, तुमच्या कर्जात आज एक लाख भरले आणि हप्ता २४,०७८ च ठेवला, तर २२७ चे २०९ हप्ते होतात. एक लाखात अठरा हप्ते. हेच हप्ता कमी करण्यात गेलं तर हा फायदा जवळजवळ दिसेनासा होतो. व्यक्तीच्या नावावरचं बदलत्या दराचं गृहकर्ज आधी फेडायला दंड नाही, तेव्हा तो कुणी मागितला तर देऊ नका.

---

अबोली | ९ जानेवारी, रात्री ९:५०

आज पुन्हा शाखेत गेले. हप्ता वाढवायचाय म्हटल्यावर तिथले म्हणाले, हप्ता सिस्टिम ठरवते, ग्राहकाच्या म्हणण्यावर वाढवता येत नाही, जास्तीचे पैसे असतील तर अधूनमधून भरत जा. काल कमी करून देत होते आणि आज वाढवून देता येत नाही?

---

खतावणी | ९ जानेवारी, रात्री १०:३०

कमी करता येतो तर वाढवताही येतो. १८ ऑगस्ट २०२३ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे, हप्त्याने फेडायच्या बदलत्या दराच्या कर्जांबद्दल. दर बदलताना ग्राहकाला हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडता यायला हवं, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. केव्हाही थोडं किंवा पूर्ण कर्ज फेडण्याची मुभाही. बँकेच्या धोरणाप्रमाणे स्थिर दरावर जाण्याचा पर्यायही त्यात होता, पण ऑक्टोबर २०२५ पासून तो द्यायचा की नाही हे बँकच ठरवते. दर तिमाहीला विवरणपत्र द्यायचं: आतापर्यंत किती मुद्दल, किती व्याज वसूल झालं, हप्ता किती, बाकी हप्ते किती. मुदत वाढवताना हप्ता व्याजाच्याही खाली जाऊ द्यायचा नाही, हेही त्यात आहे. ते २०२३ च्या अखेरपर्यंत लागू करायचं होतं. तुमचं एप्रिलचं पत्र त्याआधीचं, म्हणून तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं नाही.

तोंडी बोलू नका. एका पानाचा अर्ज द्या: कर्ज खाते क्रमांक, "हप्ता अमुक करून मुदत कमी करावी", परिपत्रकाची तारीख, आणि स्थळप्रतीवर शिक्का घ्या. आणि हप्ता वाढला की बचत खात्यावरच्या नॅच मॅन्डेटची, म्हणजे हप्ता आपोआप कापून घ्यायला दिलेल्या परवानगीची, कमाल रक्कम तपासा. ती २५,००० ची असेल आणि हप्ता २६,००० चा झाला, तर खात्यात पैसे असूनही हप्ता परत जाईल आणि दंड तुम्हाला बसेल.

भाऊ, तुमचं राहिलं होतं. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडावी लागतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर बदलावा लागतो. तुमचं त्याआधीचं, म्हणून एमसीएलआरवर. तो बँकेच्या स्वतःच्या खर्चावर ठरतो, सावकाश हलतो, आणि तुमच्या करारात वर्षातून एकदाच लागू होतो. एप्रिलची वाट पाहू नका. रेपोच्या दरावर बदलून द्या असा अर्ज करा. थोडं शुल्क लागेल. पण आधी नवा दर लेखी घ्या, कारण रेपोवर किती वाढावा लावतात यावर सगळं आहे.

---

भाऊ_जळगाव | १० जानेवारी, सकाळी ८:१५

सोमवारीच जातो. माझ्या मेहुण्याचं कर्ज बँकेचं नाही, गृहवित्त कंपनीचं आहे. त्यालाही हेच लागू का?

---

खतावणी | १० जानेवारी, सकाळी १०:००

नाही. रेपोला जोडण्याची सक्ती बँकांना आहे, गृहवित्त कंपन्यांना नाही. त्या स्वतःच्या मूळ दरावर चालतात आणि तो कधी किती उतरवायचा हे त्याच ठरवतात. २०२३ चं परिपत्रक मात्र त्यांनाही लागू आहे.

---

इंद्रायणी | १० जानेवारी, सकाळी ११:४०

वाढाव्यावरून आठवलं. अबोली, तुझा वाढावा २.७० म्हणजे आताच्या मानाने जास्त वाटतो. माझ्या कार्यालयातल्या मुलाला गेल्या महिन्यात साडेसातच्या आत कर्ज मिळालं. रेपो सगळ्यांना एकच आहे, मग फरक वाढाव्याचाच ना?

---

खतावणी | १० जानेवारी, दुपारी १२:३०

बरोबर ओळखलंत. रेपो खाली आला की जुन्या ग्राहकाला तेवढाच फायदा मिळतो, पण नवीन ग्राहक ओढायला बँका वाढावा कमी करतात. जुन्याचा वाढावा करारात गोठलेला असतो. पूर्वी तो तीन वर्षांच्या आत हलवता येत नसे. १ ऑक्टोबर २०२५ पासून ग्राहक टिकवण्यासाठी बँका त्यातला काही भाग आधीही कमी करू शकतात. करायलाच हवा असं नाही, पण मागितल्याशिवाय तर कुणीच देत नाही. अबोलीताईंचा वाढावा २.७० चा २.२५ झाला, तर दर ७.५० होईल आणि तोच २४,०७८ चा हप्ता ठेवूनही २२७ चे २१२ हप्ते होतील. पंधरा हप्ते, खिशातून जास्त काही न भरता, फक्त बदलाचं शुल्क.

दुसऱ्या बँकेत कर्ज हलवणं हा शेवटचा उपाय. प्रक्रिया शुल्क, नव्या गहाणाची स्टँप ड्युटी, नोटीस ऑफ इंटिमेशनची नोंद, कागद सोडवून आणण्याची धावपळ, हे सगळं मोजून मग ठरवा. पण दुसऱ्या बँकेचं दरपत्रक हातात असलं की आपली बँक ऐकून घेते, हे नक्की.

---

रेवा_पुणे | ११ जानेवारी, दुपारी ४:१०

एक छोटी शंका. माझ्या खात्यात दर तोच असताना व्याज दर महिन्याला वेगळं पडतं. एका महिन्यात जास्त, पुढच्यात कमी. मुद्दल तर कमीच होत चाललंय. काही चुकतंय का?

---

खतावणी | ११ जानेवारी, सायंकाळी ५:००

बहुधा नाही. बऱ्याच बँका महिन्याचे दिवस मोजून व्याज लावतात. ३१ दिवसांच्या महिन्यात जास्त, फेब्रुवारीत सर्वांत कमी. मुद्दल गुणिले दर गुणिले दिवस, भागिले ३६५ करून पाहा, जुळेल. मी वर दिलेले आकडे बारा समान महिने धरून आहेत, त्यामुळे कुणाच्या विवरणपत्राशी पाच-पन्नास रुपयांचा फरक पडू शकतो. हजारांत फरक असेल तर मात्र दर बदलल्याची तारीख तपासा.

---

अबोली | १६ जानेवारी, रात्री ९:२०

उशिरा लिहितेय. सोमवारी अर्ज दिला, स्थळप्रतीवर शिक्का घेतला. परिपत्रकाची तारीख पाहून तिथल्या अधिकारी मॅडमनी स्वतः वाचला आणि म्हणाल्या, होईल, हप्ता कितीचा हवाय ते एकदा नक्की करा. आम्ही २६,५०० ठरवला. सागरच्या सूत्राने १८५ येतात. मॅन्डेट खरोखरच २५,००० चं निघालं, तेही नवीन भरून दिलं. फेब्रुवारीच्या हप्त्यापासून लागू होईल असं म्हणाल्यात.

वाढाव्याचा अर्ज वेगळा दिला आहे. त्यावर उत्तर नाही. "वरून मंजुरी लागते" एवढंच.

बाबांना परवा सगळं सांगितलं. दोन वर्षांत पावणेसहा लाख भरून मुद्दल सत्तेचाळीस हजारांनी हललं, हे त्यांना पटायला वेळ लागला. त्यांनी स्वतः कागदावर तीन महिन्यांचं व्याज काढून पाहिलं. मग वहीत प्रत्येक चौकोनाशेजारी दोन बारीक रकाने आखले, एक व्याजाचा आणि एक मुद्दलाचा, आणि आता जुनी विवरणपत्रं घेऊन जुलै २०२१ पासून भरत बसलेत. आज मार्च २०२२ पर्यंत आलेत.

काका, एकच विचारायचं राहिलं. समजा वाढावा कमी झाला आणि दर उतरला, तर सिस्टिम माझा २६,५०० चा हप्ता आपोआप कमी करून टाकेल का, की तो तसाच राहील?

---

खतावणी | १६ जानेवारी, रात्री १०:०५

बँकेबँकेत वेगळं असतं. काही ठिकाणी वाढाव्यातला बदल म्हणजे नवीन वेळापत्रक आणि मुदत तीच धरून हप्ता कमी होतो, काही ठिकाणी हप्ता तसाच राहतो. म्हणून वाढाव्याच्या अर्जावरच एक ओळ वाढवून द्या: "दर कमी झाल्यास हप्ता २६,५०० कायम ठेवून मुदत कमी करावी." आणि ज्या दिवशी दर बदलेल, त्या दिवशी बाकी हप्ते १७६ च्या आसपास दिसायला हवेत, त्यातून मधल्या काळात भरलेले हप्ते वजा. तसे दिसले नाहीत तर इथे लिहा, आपण पाहू.